विषय: द्राक्ष बागायतदारांसाठी मराठी लेख लिहिण्याच्या कामाबाबत

नमस्कार,

तुमच्या द्राक्ष सल्ला ॲपसाठी महिन्याला 800 शब्दांचे 4 मराठी लेख हवे आहेत, ही जाहिरात वाचली. 'भाषांतर वाटता कामा नये' हे तुम्ही त्यात दोनदा लिहिलंय, त्यावरून आधीचे लेख कसे आले असतील याची कल्पना आली.

मी नाशिकला राहते आणि शेतीविषयक मजकूर लिहिते. नमुना म्हणून एकच लेख जोडते आहे: 'ऑक्टोबरचा घड एप्रिलमध्येच ठरतो'. पिंपळगाव बसवंतच्या एका कृषी सेवा केंद्रासाठी तो लिहिला होता. त्यांना खरं तर खताची जाहिरात हवी होती. मी म्हटलं, आधी बागायतदाराचा प्रश्न घेऊ: गोडी छाटणीनंतर काड्या वांझ का निघतात? खरड छाटणीनंतर जी काडी वाढते, तिच्या डोळ्यांतच पुढचा घड तयार होतो. तेव्हा फुटींची गर्दी झाली, ऊन आत पोचलं नाही किंवा नत्र जास्त पडलं, तर घडाऐवजी बाळी धरते. म्हणजे ऑक्टोबरात औषधाची बाटली घेऊन धावण्यात फारसा अर्थ नाही. विरळणी उन्हाळ्यातच व्हायला हवी. लेखात खताचं नाव शेवटी एकदाच आलं. दुकानदार आधी जरा नाराज होते, पण नंतर त्यांनीच त्याच्या प्रती काढून काउंटरवर ठेवल्या.

तुमच्यासाठीही असंच लिहीन. डावणीला डावणी आणि भुरीला भुरी म्हणेन. 'द्राक्ष शेती' हा शब्द लेखात 10 वेळा यावा, ही अट मात्र सैल करावी. शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि एखाद्या उपशीर्षकात तो आला की पुरे. त्याहून जास्त वेळा कोंबला तर निफाडचा माणूस दुसऱ्या ओळीला ॲप बंद करील.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. फवारणीचं प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे मी मनाने लिहिणार नाही. तो तपशील तुमच्या कृषितज्ज्ञांकडून घेईन आणि छापण्याआधी त्यांना वाचायला देईन. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश सापडला तर अख्खा कंटेनर अडकू शकतो.

दर शब्दाला दीड रुपया, म्हणजे लेखाचे 1200 आणि महिन्याचे 4800 रुपये. त्यात एक फेरदुरुस्ती धरली आहे. विषय नक्की झाल्यापासून 5 दिवसांत लेख देईन. फोटो तुमचे.

पहिला लेख गोडी छाटणीनंतर पाऊस आला तर डावणीपासून बाग कशी जपायची, यावर घ्यावा असं वाटतं. छाटण्या तोंडावर आल्यात, त्यामुळे तो सप्टेंबरअखेर ॲपवर असायला हवा. तुमच्या तज्ज्ञांशी अर्धा तास फोनवर बोलणं झालं की लिहायला घेते. शनिवारी सकाळी चालेल का?

आपली,
मृणाल
गंगापूर रोड, नाशिक

सोबत: नमुना लेख