जलशुद्धीकरण केंद्र ऑपरेटर पदासाठी अर्ज

दिनांक : १२ मे २०२५

प्रेषक,
निलेश बाळासाहेब पवार,
मु. पो. उंब्रज, ता. कराड, जि. सातारा.

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय,
कराड, जि. सातारा.

विषय : जलशुद्धीकरण केंद्रातील ऑपरेटर पदावर नियुक्ती मिळणेबाबत.

संदर्भ : पाणीपुरवठा विभागातील ऑपरेटर पदाबाबत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेली आपली जाहिरात.

महोदय,

उपरोक्त संदर्भीय जाहिरातीस अनुसरून मी ऑपरेटर पदासाठी हा अर्ज सादर करीत आहे. मी २०१८ साली शासकीय तंत्रनिकेतन, कोल्हापूर येथून यंत्र अभियांत्रिकीची पदविका प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालो. मला पंपगृह आणि रसायनमात्रा या दोन कामांचा एकूण सहा वर्षांहून अधिक प्रत्यक्ष अनुभव आहे, आणि त्यांपैकी गेली साडेतीन वर्षे मी पिण्याच्या पाण्याच्या केंद्रावर पाळीत काम करीत आहे.

पदविकेनंतरचे एक वर्ष मी एका सहकारी साखर कारखान्यात शिकाऊ उमेदवार होतो आणि पुढील दोन वर्षे त्याच कारखान्याच्या पंपगृहात तंत्रज्ञ होतो. गाळप हंगामात इंजेक्शन पंप एक तास जरी बंद राहिला तरी त्याचा परिणाम थेट पॅनवर दिसतो, त्यामुळे पंपाची देखभाल बिघाड झाल्यावर करायची नसते, हे मी तेथे शिकलो. ग्लँड पॅकिंग बदलणे, बेअरिंगला योग्य तेवढेच ग्रीस देणे (जास्त ग्रीस दिल्यानेही बेअरिंग तापते, हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो), कपलिंगचे अलाइनमेंट डायल गेजने तपासणे आणि मोटर सुरू करण्यापूर्वी मेगरने इन्सुलेशन मोजणे ही कामे मी तेथे स्वतःच्या हातांनी केली. बॉयलरसाठीच्या पाण्यात फॉस्फेट सोडणाऱ्या डोसिंग पंपाची देखरेखही माझ्याकडे होती. डोसिंगशी माझा पहिला परिचय तेथेच झाला.

ऑक्टोबर २०२१ पासून मी एका प्रादेशिक नळ पाणीपुरवठा योजनेच्या ६ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेच्या केंद्रावर, देखभाल ठेकेदारामार्फत, पाळी ऑपरेटर म्हणून काम करतो. या केंद्रास नदीकाठच्या जॅकवेलमधून पाणी येते. जॅकवेलवर ४० अश्वशक्तीचे तीन व्हर्टिकल टर्बाइन पंप असून दोन चालू आणि एक राखीव असतो. शुद्ध पाणी उंच टाकीत चढवण्यासाठी आडवे सेंट्रिफ्युगल पंप आहेत. मी पाळी घेताना प्रत्येक पंपाचा विद्युत प्रवाह, डिलिव्हरीचा दाब, बेअरिंगचे तापमान आणि ग्लँडमधून पडणारे थेंब पाहतो आणि दर तासाला नोंदवहीत लिहितो. ग्लँडमधून पाणी अजिबात पडत नसेल तर ते चांगले लक्षण नव्हे, पॅकिंग जास्त आवळले गेले आहे असे मी समजतो.

या नोंदींचा उपयोग कसा होतो, याचे एक उदाहरण आपल्यापुढे मांडतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जॅकवेलवरील दुसऱ्या क्रमांकाच्या पंपाचा प्रवाह जवळपास तीन आठवड्यांत ४८ अँपिअरवरून ४१ वर आला होता. रोजची घट इतकी थोडी होती की एका दिवसाच्या नोंदीतून ती कोणाच्याही लक्षात आली नसती. प्रवाह कमी झाला म्हणजे वीज वाचते, असे मत तेव्हा काहींनी बोलूनही दाखवले. परंतु त्याच काळात डिलिव्हरीचा दाबही उतरत होता आणि पंपाजवळ उभे राहिले की खडे खळखळावेत तसा आवाज येत होता. मी राखीव पंप सुरू करून तो पंप पाहणीसाठी वर काढण्याची विनंती केली. तळाची जाळी पालापाचोळा आणि गाळाने निम्म्याहून अधिक बुजलेली निघाली, आणि इम्पेलरच्या कडांवर पोकळीकरणाचे खड्डे पडू लागले होते. जाळी साफ करून पंप बसवल्यावर प्रवाह आणि दाब दोन्ही पूर्ववत झाले. त्यानंतर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी तपासण्याचे वेळापत्रक आम्ही लावले.

पंप सुरू आणि बंद करण्याच्या क्रमाबाबत मी विशेष दक्ष असतो. सेंट्रिफ्युगल पंप डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करणे, मोटरने वेग घेतल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडणे आणि बंद करतानाही आधी व्हॉल्व्ह आवळणे, हे मी कधीच चुकवत नाही. अचानक वीज गेल्यास मात्र हे शक्य नसते. अशा वेळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवरच भिस्त असते, म्हणून त्याचा फ्लॅप अडकत नाही ना, हे मी महिन्यातून एकदा पाहून घेतो. लांबच्या चढत्या वाहिनीवर पाण्याचा उलटा धक्का काय करू शकतो, हे मी एकदा फुटलेल्या जोडाच्या रूपाने पाहिले आहे.

माझ्या कामातील अधिक महत्त्वाचा भाग रसायनमात्रेचा आहे. आमच्या केंद्रावर तुरटीचे १० टक्क्यांचे द्रावण डायफ्राम डोसिंग पंपाने फ्लॅश मिक्सरमध्ये सोडले जाते. मात्रा ठरवण्यासाठी मी स्वतः जार टेस्ट घेतो, म्हणजे सहा भांड्यांत वाढत्या मात्रा घालून, आधी जलद आणि मग संथ ढवळून, गाळाचे फ्लॉक कसे बनतात आणि वरचे पाणी किती नितळते, ते पाहतो. मात्रा ठरली की हिशेब सरळ असतो. तासाला २५० घनमीटर पाणी येत असताना प्रतिलिटर ४० मिलिग्रॅम तुरटी हवी असेल, तर तासाला १० किलो तुरटी लागते आणि १० टक्क्यांच्या द्रावणाचे ते १०० लिटर होतात. पंपाचा स्ट्रोक त्याप्रमाणे लावल्यावर कॅलिब्रेशन सिलिंडरमधून एका मिनिटात किती द्रावण ओढले जाते, हे मी घड्याळ लावून मोजतो. पॅनेलवरील आकड्यापेक्षा मी सिलिंडरवरील रेषेवर अधिक विश्वास ठेवतो.

ही सवय मला एका चुकीमुळे लागली, आणि ती चूक मी लपवू इच्छित नाही. केंद्रावरील पहिल्याच वर्षी मी डोसिंग पंपाचा फाटलेला डायफ्राम बदलला, पण नव्या डायफ्रामने कॅलिब्रेशन पुन्हा न करता जुन्याच स्ट्रोकवर पंप चालवला. प्रत्यक्षात द्रावण सुमारे एक पंचमांश कमी जात होते. चार तासांनी क्लॅरिफायरच्या कडेवरून फ्लॉक वाहून येताना दिसले आणि फिल्टर नेहमीपेक्षा बरेच लवकर बॅकवॉशला घ्यावे लागले. नळाला जाणाऱ्या पाण्याचा गढूळपणा मर्यादेत राहिला, परंतु ते केवळ फिल्टर सुस्थितीत असल्यामुळे. तेव्हापासून डायफ्राम, सक्शनची जाळी किंवा व्हॉल्व्हची गोळी यांपैकी काहीही बदलले, तरी कॅलिब्रेशन केल्याशिवाय मी पंप पाळीत घेत नाही.

जुलै २०२३ मधील एका रात्री नदीला पूर आला आणि कच्च्या पाण्याचा गढूळपणा सुमारे ४० एनटीयूवरून काही तासांत ९०० च्या पुढे गेला. जार टेस्टप्रमाणे प्रतिलिटर ७० मिलिग्रॅम मात्रा हवी होती, म्हणजे तासाला साडेसतरा किलो तुरटी आणि १७५ लिटर द्रावण. आमच्या डोसिंग पंपाची कमाल क्षमता १५० लिटरच होती. राखीव पंपही सोबत चालवावा असे सुचवण्यात आले, पण त्यामुळे पुराच्या रात्री हाताशी राखीव काहीच उरले नसते. मी वरिष्ठांची परवानगी घेऊन दुसऱ्या टाकीत १५ टक्क्यांचे द्रावण तयार केले. त्या द्रावणाचे तासाला सुमारे ११७ लिटर पुरेसे होते आणि ते एकाच पंपावर भागले. तुरटीची मात्रा वाढली की पाण्याची क्षारता घटते आणि पीएच खाली येतो, म्हणून दर दोन तासांनी पीएच तपासून चुन्याची निवळी जोडावी लागली. सकाळी फिल्टरनंतरचा गढूळपणा १ एनटीयूच्या आत होता, म्हणजे भारतीय मानक १०५०० मधील स्वीकारार्ह मर्यादेत.

निर्जंतुकीकरणासाठी आमच्याकडे टीसीएल पावडरचे द्रावण वापरले जाते. पावडर जुनी झाली किंवा ओल लागली की तिच्यातील उपलब्ध क्लोरीन घटतो, म्हणून पोत्यावरील आकडा गृहीत न धरता मी प्रत्येक नव्या साठ्याची चाचणी करवून घेतो. पाणी टाकीतून बाहेर पडताना आणि वितरणाच्या शेवटच्या टोकाला अवशिष्ट क्लोरीनची ओटी चाचणी घेण्याचे काम माझ्याकडे आहे. शेवटच्या टोकाला प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास मी त्याच पाळीत मात्रा दुरुस्त करतो. क्लोरीन वायूच्या टनरवर मी अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखालीच काम केले आहे. गळती शोधण्यासाठी अमोनियाच्या द्रावणाचा वापर आणि श्वसनयंत्र घालून व्हॉल्व्ह बंद करण्याचा सराव मला आहे, परंतु टनर बदलण्याची जबाबदारी मी अद्याप स्वतंत्रपणे घेतलेली नाही. आपल्या केंद्रावर वायुरूप क्लोरीन वापरात असल्यास त्याचे रीतसर प्रशिक्षण घेण्याची माझी तयारी आहे.

पदविकाधारकाने ऑपरेटर पदासाठी अर्ज का करावा, असा प्रश्न आपल्या मनात येऊ शकतो. पर्यवेक्षकाच्या टेबलावर बसून नोंदवहीवर सह्या करण्याआधी ती नोंदवही स्वतः काही वर्षे लिहिलेली असावी, असे माझे मत आहे, आणि पंपगृहात मला रस आहे, हे त्याचे दुसरे प्रामाणिक उत्तर आहे. सध्याच्या ठेक्याची मुदत ३० जून २०२५ रोजी संपत असल्याने १ जुलैपासून मी रुजू होऊ शकतो. पावसाळ्यात कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्यांचे पाणी गढूळ होते, आणि संगमावर वसलेल्या आपल्या शहरात हाच काळ केंद्राच्या कसोटीचा असतो. उंब्रज येथील रहिवासी असल्यामुळे रात्रपाळीस किंवा पुराच्या वेळी आयत्या बोलावण्यावर हजर राहणे मला अवघड नाही.

माझा भ्रमणध्वनी क्रमांक व ई-मेल पत्ता सोबतच्या माहितीपत्रकात दिला आहे. आपण बोलावल्यास मी मुलाखतीसाठी येईन, आणि इष्ट वाटल्यास केंद्रावर जार टेस्ट व डोसिंग पंपाचे कॅलिब्रेशन प्रत्यक्ष करून दाखवीन. माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,

(निलेश बाळासाहेब पवार)

सोबत : माहितीपत्रक, पदविका प्रमाणपत्र व गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती, शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र, दोन्ही ठिकाणची अनुभव प्रमाणपत्रे, अधिवास प्रमाणपत्र आणि जुलै २०२३ मधील पाळी नोंदवहीच्या पानांच्या छायाप्रती (ठेकेदाराच्या परवानगीने).