विषय: क्वालिटी इंजिनिअर, चाकण प्लँट – ऑफर मान्य आहे, ३ ऑगस्टला जॉईन होते

नमस्कार अभिजित सर,

काल पाठवलेलं ऑफर लेटर नीट वाचलं, घरीही दाखवलं, आणि मी ही ऑफर ॲक्सेप्ट करतेय. सही केलेली कॉपी सोबत जोडली आहे, प्रत्येक पानावर सही केलीये.

मला जे समजलंय ते लिहिते, काही चुकत असेल तर सांगा. सीटीसी वर्षाला ७,२०,०००, त्यातले ६,६०,००० फिक्स आणि ६०,००० व्हेरिएबल. पीएफमधला कंपनीचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटी फिक्समध्येच धरलीये, म्हणजे हातात येणारा पगार त्या हिशोबाने कमी असणार, हे माहितीये, त्याबद्दल काही म्हणणं नाही. प्रोबेशन ६ महिने.

फक्त नोटीस पिरियडचं एक बघा ना. फोनवर तुम्ही प्रोबेशनमध्ये ३० दिवस आणि कन्फर्मेशननंतर ६० असं म्हणाला होतात, लेटरमध्ये मात्र सरसकट ६० छापलंय, बहुतेक जुन्या फॉरमॅटमधून तसंच राहिलं असेल. नवीन लेटर काढायची गरज नाही, याच मेलला रिप्लाय करून ३० दिवस कन्फर्म केलंत तरी चालेल, पण जॉईन व्हायच्या आधी लेखी असलेलं बरं. आणि व्हेरिएबल दर तीन महिन्यांनी मिळतं की वर्षाच्या शेवटी, तेही त्यातच सांगा.

जॉइनिंग सोमवार, ३ ऑगस्ट. इथला माझा शेवटचा दिवस शुक्रवार ३१ जुलै, रेझिग्नेशन स्वीकारल्याचा मेल जोडलाय. रिलीव्हिंग लेटर त्याच दिवशी संध्याकाळी मिळेल असं इथल्या एचआरने सांगितलंय, म्हणजे ते बाकीच्या कागदांसोबत आत्ता देता येणार नाही, येताना घेऊन येईन.

बाकी आधार, पॅन, दहावी-बारावी आणि डिग्रीच्या मार्कशीट, मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, कॅन्सल्ड चेक आणि फोटो हे सगळं स्कॅन करून शुक्रवारपर्यंत पाठवते. यूएएन जुनाच चालू ठेवायचाय, नवीन काढू नका प्लीज, नाहीतर नंतर दोन खाती जोडत बसावं लागतं. एप्रिल ते जुलैचा पगार आणि कापलेला टीडीएस याचा तपशील फुल अँड फायनल झाल्यावर देईन, तो धरूनच पुढचा टॅक्स कापा, म्हणजे मार्चमध्ये एकदम मोठी रक्कम जाणार नाही. ओरिजिनल सर्टिफिकेट पडताळणीला आणते, पण ती बघून लगेच परत मिळतील ना? जमा करून ठेवायची असतील तर मला ते नको वाटतंय.

मी धनकवडीला राहते. कंपनीची बस नाशिक फाट्यावरून आहे असं ऐकलं, तिथली वेळ कळवाल का? भोसरीच्या पुढचं सकाळचं ट्रॅफिक बघता पहिल्याच दिवशी स्वतःच्या गाडीने यायची रिस्क नको. गेटवर किती वाजता आणि कोणाला भेटायचं तेही सांगा. सेफ्टी शूज तुम्ही देणार असाल तर माझा साईज ५.

धन्यवाद,
मृणाल