फणसाचा एफ, सशाचा एस

बावीस वर्षं झाली मला डोअरकीपर म्हणून, दादरच्या आसपासच्याच एका नाट्यगृहात. नाव सांगत नाही कारण चूक आमच्याच घरातली होती. तिकीट बघायचं, अर्धं फाडायचं, टॉर्च मारून रांग दाखवायची एवढंच काम, पण दाराशी आपण जो शब्द देतो तो लोक घरी घेऊन जातात हे मला त्या रविवारी कळलं.

आधी त्याच्या तीन आठवडे आधीचा रविवार सांगायला हवा, म्हणजे २० जुलै. चारचा प्रयोग. सकाळपासून असा पाऊस की हिंदमाताला कमरेएवढं पाणी, सेंट्रलच्या गाड्या बंद, आणि मेन कलाकारांची गाडी सायनला अडकलेली. साडेचारपर्यंत वाट बघितली आणि प्रयोग रद्द झाला. दोनेकशे लोक तरी भिजत आले होते. मॅनेजर साहेब मला म्हणाले की बाहेर जाऊन सांग, तिकिटं जपून ठेवा, पुढच्या प्रयोगाला हीच चालतील, नको असेल त्याने ऑफिसात परत देऊन पैसे घ्यावेत. मी पायरीवर उभा राहून चार वेळा ओरडून सांगितलं. एक म्हाताऱ्या मावशी पुढे आल्या, हिरवी काठाची साडी, चपला हातात, आणि म्हणाल्या, "नक्की ना हो? सीट हीच ना?" मी म्हटलं, "मावशी, हीच. मी आहे ना दारात."

आता १० ऑगस्ट. परत चारचा प्रयोग, हाऊसफुल्लचा बोर्ड दुपारी दीडलाच लागला होता. वड्यांचा वास फॉयरमध्ये पसरलेला, पहिली घंटा झाली, मी स्टॉलच्या डाव्या दारात. एक डोंबिवलीचं कुटुंब आलं, नवरा-बायको आणि दोन पोरं, मोठा मुलगा नऊ-दहाचा आणि धाकटी सहाची असेल, दोन वेण्या घातलेली. मेगाब्लॉक म्हणून बारालाच घरून निघालेले, तेव्हा पोचले. पोरांचं पहिलंच नाटक, बाप मला स्वतःहून सांगत होता. तिकिटं खिडकीवर घेतलेली, एफ १२ ते १५, आजचीच तारीख. मी फाडली, पोचवलं, ती धाकटी खुर्चीवर उभी राहून पडद्याकडेच बघत होती.

दुसरी घंटा झाली आणि हिरवी काठाची साडी आली. सोबत मुलगा, सून आणि कॉलेजातली नात. मावशींनी पिशवीतून प्लास्टिकची छोटी थैली काढली, तिच्यातून तिकिटं. त्या दिवशी भिजलेली ती, गादीखाली घालून वाळवलेली म्हणे, एकदम कडक झाली होती आणि शाई कडेला फुटून निळी पसरली होती. पण नंबर स्पष्ट होता. एफ १२ ते १५. तारीख २० जुलै.

माझा हात थांबला. फाडली नाहीत मी.

"मावशी, जरा एक मिनिट," म्हटलं आणि आत गेलो, टॉर्चच्या उजेडात परत बघितलं, एफ बाराला ती वेण्यावाली. बाहेर आलो तेव्हा मुलाच्या लक्षात आलं होतं. "काय झालं? बसलंय का कोणी तिथे?" मी म्हटलं हो. झालं, तो चढला, आणि त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. लालबागवरून आईला गुडघेदुखीत दोनदा आणलेलं त्याने. एवढ्यात आतून डोंबिवलीचा बापही बाहेर आला, काय गडबड बघायला, आणि दोघं समोरासमोर. "आमची तिकिटं आजची आहेत साहेब, तुमच्यावर तारीख बघा." "तारीख रद्द झाली म्हणूनच आलोय ना, यांनीच सांगितलं होतं." आणि त्याने बोट माझ्याकडे केलं.

मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढं पुरेसं होतं. म्हटलं, "हो, मीच सांगितलं होतं. सीट हीच मिळेल म्हणून मी शब्द दिलाय. आणि यांनी आजच्या प्रयोगाचे पैसे मोजलेत. दोघांचंही बरोबर आहे, तुम्ही भांडू नका, मला पाच मिनिटं द्या." मावशींना माझ्या स्टुलावर बसवलं आणि बुकिंगकडे पळालो.

खिडकीवरचा पोरगा प्लॅन पसरून बसलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्लॅन म्हणजे सगळ्या खुर्च्यांचा छापील नकाशा, सीट विकली की चौकोनावर काट. जुन्या तिकिटवाल्यांच्या सीटवर त्याने लाल गोल केले होते म्हणजे त्या विकायच्या नाहीत, आणि जे तिकीट परत देऊन पैसे घेऊन गेले त्यांचा गोल खोडून सीट परत विक्रीला काढलेली. पद्धत बरोबर होती. एफ १२ ते १५ वर लाल गोल होता, खोडलेला होता, आणि वर आजची काट.

"यांनी पैसे परत घेतले असं कोण म्हणालं?"

"साहेबांनी काका. रोज संध्याकाळी ऑफिसातून फोनवर नंबर सांगायचे, मी खोडायचो."

फोनवर. इथे माझ्या डोक्यात घंटा वाजली. मी आयुष्यभर दारात ओरडतोय, गर्दीत एफ आणि एस एकसारखे ऐकू येतात, म्हणून मी कधीच नुसतं एफ म्हणत नाही, फणसाचा एफ म्हणतो, आणि दुसरा सशाचा एस. नवीन पोरं हसतात पण लोक बरोबर खुर्चीवर जातात. फोनवर, तेही खिडकीवर रांग असताना, एसचा एफ व्हायला कितीसा वेळ लागतो.

मी प्लॅनवर खाली बोट नेलं. एस १२, १३, १४, १५. चारही सीटवर लाल गोल, न खोडलेला. पण हा नुसता अंदाज, खरंच कोणी जुनं तिकीट घेऊन तिथे बसलं असेल तर तिसरंच भांडण उभं राहील. साहेब विंगेत होते, त्यांना बाहेर बोलावलं. परत आलेली तिकिटं त्यांच्या बॅगेत रबर लावून ठेवली होती, हिशेबासाठी. मी टॉर्च धरली आणि ते एकेक पान उलटत गेले, के, एम, बी, आणि मग आली, चार एकत्र टाचलेली. एस १२ ते १५. साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हटलं साहेब ते नंतर, तिसरी घंटा दोन मिनिटं थांबवा.

सशाचा एस रिकामाच होता. चार खुर्च्या, एका रांगेत. एवढा आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू.

पण प्रश्न सुटला असं वाटेल वाचणाऱ्याला, तसं नाही. एफ चारशेची, एस दोनशेची, आणि पैसे सोडा, एस बाल्कनीच्या खाली जाते. मावशींच्या एका डोळ्याला मोतीबिंदू, एका कानाने कमी. आणि ती सहा वर्षांची पोरगी तिथून पुढच्यांची डोकीच बघणार, पहिलं नाटक तिचं. साहेब म्हणाले पॅसेजमध्ये खुर्च्या टाकू. मी नाही म्हटलं, वाट अडवून चालत नाही, उद्या आग लागली तर लोक कुठून पळणार, आणि असल्या वेळी दारात मीच असतो.

दाराशी येऊन दोघांनाही सगळं खरं सांगितलं, कोणी काय ऐकलं आणि कुठे घोळ झाला ते. झाकून काही ठेवलं नाही. मग म्हटलं, चार सीट पुढे, चार मागे, कोण कुठे ते मी ठरवणार नाही, माझा तो अधिकार नाही.

थोडा वेळ कोणीच बोलेना. मग डोंबिवलीची बाई, आत्तापर्यंत आतच होती, ती बाहेर आली, मावशींना स्टुलावर बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही मागे जा ना. मी पोरांना घेऊन बसते आणि या आजी बसतील आमच्यात." नवऱ्याने जरा तोंड वाकडं केलं, आणि मावशींचा मुलगा लगेच म्हणाला, "आई एकटी बसणार नाही अनोळखी माणसांत." तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलल्या. "एकटी कुठे रे, एवढी माणसं आहेत. आणि मला नाटक बघायचंय, तुला नाही."

हे बोलून उठल्याच. मी हात दिला, टॉर्च पायाशी धरली, उतार आहे तिथे, मावशी हळूहळू चालल्या. बाराला मावशी, मग धाकटी, मग मुलगा, मग त्यांची आई. मागे दोघं बाप्ये, सून आणि नात, एस १२ ते १५. साहेबांनी सीटच्या फरकाचे आठशे रुपये काढले आणि दोन्ही घरांना अर्धे अर्धे दिले, दोघांनीही नको म्हटलं, मग घेतले. घ्यायलाच हवे होते, चूक आमची होती.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला.

इंटरवलला बघितलं तर दोन्ही बाप्ये वड्याच्या काउंटरला एकत्र उभे, सहा प्लेट सांगत होते. दुसऱ्या अंकात मी एकदा दारातून आत डोकावलो, टॉर्च न लावता, एफ रांगेत मावशी पुढे वाकून ऐकत होत्या आणि ती पोरगी त्यांच्या चांगल्या कानात काहीतरी सांगत होती. वाक्य पोचलं नाही की विचारत असतील आणि ही रिपीट करत असेल, असं मी समजतो. शेजारचे शुक् म्हणाले नाहीत.

साडेसहाला प्रयोग सुटला. लोक भराभर बाहेर, मेगाब्लॉक उठला होता तरी सगळ्यांना गाडीचीच घाई. मी दार धरून उभा. मावशी सगळ्यात शेवटी आल्या, नातीच्या हाताला धरून, माझ्यासमोर थांबल्या आणि पिशवीतून ती प्लास्टिकची थैली काढली.

"हे फाडायचं राहिलं तुमच्याकडून."

ते खरंच राहिलं होतं. मी चारही तिकिटं घेतली, कडक झालेला कागद, सरळ फाटेना, वाकडातिकडा फाटला. अर्धी त्यांना परत दिली आणि अर्धी माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात टाकली, डब्यात नाही.