सायलीने पाठवलेली गालिचा रांगोळी उंबऱ्याशी कशी काढायची

सायली, फोटो पाहिला. सुरेख आहे, आणि तुला नक्की जमेल. ही ठिपक्यांची रांगोळी नाही, त्यामुळे ठिपके मोजत बसू नकोस. ही गालिचा रांगोळी. हिच्यात आधी रंग पसरतात आणि पांढऱ्या रेघा सगळ्यात शेवटी येतात.

फोटो मोठा करून पाकळ्यांच्या कडा बघ. गुलाबीतून खालचा जांभळा किंचित डोकावतोय ना? म्हणजे जांभळा आधी सलग पसरला आणि पाकळ्या त्याच्यावर टाकल्या. पाकळ्यांसाठी जागा रिकामी ठेवून भोवती जांभळा भरायला गेलीस तर रात्र जाईल आणि कडाही फाटक्या दिसतील. आणखी एक, फोटो उभ्याने काढलाय म्हणून गोल लांबट दिसतोय. फोटोवरून मापं घेऊ नकोस, फक्त मोजणी घे: आठ पाकळ्या, आतून बाहेर पिवळा, लाल, जांभळा, हिरवा.

तुमची गॅलरी जेमतेम चार फुटी. तिथे तीन फुटांचा पूर्ण गोल काढलास तर दिवाळीच्या पहाटे शेजाऱ्यांचे पाय त्यातूनच जाणार. म्हणून उंबऱ्याला लागून अर्धा गोल काढ. दीड फूट बाहेर येईल, अडीच फूट वाट मोकळी राहील आणि पाकळ्या चारच काढाव्या लागतील.

लादी पुसून पूर्ण कोरडी होऊ दे. उंबऱ्याच्या मध्यावर खडूने खूण कर. दोऱ्याचं एक टोक तिथे अंगठ्याने दाब, दुसऱ्या टोकाला खडू बांध आणि ४, ६, १४ आणि १८ इंचांवर चार कमानी काढ. आता वर्तमानपत्राचा कोपरा घे, तो काटकोनातच असतो. कोपऱ्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर आणून घडी घातलीस की ४५ अंशांचं टोक मिळतं. ते खुणेवर ठेवून आधी उंबऱ्याच्या एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने रेघ मार. मधली सरळ रेघ आख्ख्या कोपऱ्याने. अर्ध्या गोलाचे चार भाग झाले, एका भागात एक पाकळी.

रंग चहाच्या गाळणीने टाक, हाताने पसरू नकोस. गाळणी जमिनीपासून चार बोटं वर धर आणि हलकेच टिचक्या मार. आतून बाहेर ये, म्हणजे भरलेल्या रंगावर हात घासत नाही. दोन रंग मिळतात तिथे कड थोडी चुकली तरी चालेल, वरून पांढरी रेघ येणारच आहे.

खरी मेहनत पाकळीत आहे. जांभळ्यावर थेट गुलाबी टाकलास तर मळकट दिसतो. म्हणून आधी पाकळीच्या आकारात पांढरी रांगोळी पसर, मधोमध साधारण सहा इंच रुंद, टोक १३ इंचांवर. मग बुडाशी गडद गुलाबी दाट गाळ आणि टोकाकडे जाताना टिचक्या कमी कर. टोक पांढरंच सोड. फोटोतली ती उमलल्यासारखी छटा यातूनच आलीये.

पांढरी रेघ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोड, मधलं बोट खालून आधाराला. हात जमिनीजवळ आणला की रेघ बारीक, वर नेला की जाड. पाकळीची बाह्यरेषा बुडापासून टोकाकडे काढ आणि दुसरी बाजूही बुडापासूनच, दोन्ही टोकाला भेटू देत. हिरव्या पट्ट्यातली नागमोडी सर्परेषा शेवटी. एका भागात दोन लाटा बसतात, त्या आधी खडूच्या टिंबांनी आखून घे. प्रत्येक वळणात एक ठिपका.

चुकलं तर फुंकर मारू नकोस, जाड कागदाच्या कडेने तेवढाच भाग उचल आणि पुन्हा गाळ.

दादरला स्टेशनबाहेर सगळे रंग मिळतील. पांढरी एक किलो घे, जांभळा अर्धा, बाकीचे पाव-पाव. आपल्याकडच्या दमट हवेत रांगोळी सर्दते आणि मग चिमटीतून तुटक पडते, म्हणून आदल्या दिवशी ताटात पसरून उन्हात ठेव. पंखा बंद ठेव आणि मुख्य दार वाऱ्याने आपटणार नाही असं अडकव.

धनत्रयोदशीआधी एकदा पुठ्ठ्यावर एकच पाकळी काढून बघ आणि पांढरी बाह्यरेषा काढण्याआधी मला फोटो पाठव. छटा दाट झाली असेल तर तेव्हाच सांगता येईल.