पाझर तलावाचा गाळ: खर्च ३ लाख, कमी पडतात १,८७,५००

मुंबई-पुण्याच्या मंडळींना राम राम.

काल तळ्यात उतरून पहार मारली. चार फूट खाली गेली तरी मुरूम लागला नाही, नुसता गाळ. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्यांनी सुकडी खाऊन या बांधावर माती वाहिली. तळं अजून आहे, पण त्यात पाणी मावत नाही. खालच्या विहिरी यंदा फेब्रुवारीतच तळाला गेल्या.

मृगाच्या आत गाळ काढायचा आहे. परवानगी हातात आली. खर्च असा:

पोकलेन, डिझेलसह ताशी २,००० प्रमाणे १२० तास: २,४०,०००
पोकलेन ट्रेलरवरून आणणं-नेणं: १४,०००
सांडव्याची दुरुस्ती (सिमेंट, खडी, गवंडी): ४६,०००
एकूण: ३,००,०००

गावातल्या ७५ घरांनी प्रत्येकी १,५०० दिले, म्हणजे १,१२,५०० जमले. गाळ वाहून नेण्याचा खर्च वर्गणीत धरलेला नाही. ज्याला रानात गाळ टाकायचाय त्याने स्वतःचा ट्रॅक्टर, स्वतःचं डिझेल आणायचं. तासाला साठ घनमीटर गाळ निघाला तरी ७,२०० घनमीटर होतो, म्हणजे एका भरण्यात ७२ लाख लिटर पाणी जास्त.

"मागच्या जत्रेच्या वर्गणीचा हिशोब कुठंय?" असं तिघांनी फोनवर विचारलं. रास्त आहे, तो मलाही मिळालेला नाही. म्हणून यावेळी खातं वेगळं काढलंय आणि दोन सह्यांशिवाय त्यातून पैसे निघत नाहीत. दुसरी सही जाणून-बुजून वरच्या आळीतल्या बाईंची घेतली आहे. त्या रुपयासुद्धा सोडत नाहीत. पोकलेनच्या मीटरचा फोटो रोज सकाळ-संध्याकाळ ग्रुपवर येईल. बिलं मारुतीच्या देवळातल्या फळ्यावर लागतील. चहापाणी, बॅनर, हार-नारळ यातलं काहीही या पैशातून नाही. नारळ मी घरून आणतो.

पैसे कमी पडले तर आधी सांडवा करू, कारण तो फुटला तर बांधच जाईल. उरलेल्या पैशांत जेवढे तास बसतील तेवढाच गाळ निघेल. उधारीवर पोकलेन चालवणार नाही. आणि पैसे उरले, तर कुणी किती दिले त्या प्रमाणात परत.

एक आधीच सांगतो: आपली नोंदणीकृत संस्था नाही, त्यामुळे आयकरात सूट मिळणार नाही. साधी पावती मात्र प्रत्येकाला मिळेल.

बाहेरगावी आपली साधारण सव्वाशे घरं आहेत. प्रत्येकाने गावातल्यासारखे १,५०० दिले की रक्कम पुरी होते. जमत नसेल तर पाचशे द्या, शंभर द्या. यादीत नावं येतील, रकमेचा क्रम लावणार नाही. नाव नको असेल तर तसं कळवा.

क्यूआर कोड सोबतच्या फोटोत आहे. पैसे टाकताना 'तलाव' आणि आपलं नाव लिहा. गेल्या आठवड्यात ५०१ रुपये आलेत, कुणाचे ते अजून कळलं नाही. ज्यांचे असतील त्यांनी फोन करा, पावती फाडून ठेवली आहे.

१० मेपर्यंत पैसे यावेत. १२ तारखेला पोकलेन तळ्यात उतरेल.

— तलाव समितीतर्फे, वही सांभाळणारा