वनाज ते रामवाडी: गौरीचा रोजचा वीस मिनिटांचा अभ्यास

प्रिय गौरी,

वारजे ते खराडी जाऊन-येऊन घरी पोचल्यावर वही उघडायची ताकद उरत नाही, असं तू म्हणालीस ते मला पूर्ण पटलं. डिसेंबरात तू जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पातळी, एन-५, देणार आहेस. म्हणून तिच्या अभ्यासातून रात्र मी काढूनच टाकली आहे. स्वयंपाक, ओमचा गृहपाठ, सकाळच्या डब्याची तयारी यांच्यात जपानीला कोंबायचं नाही. घरी आलीस की त्या दिवसाचा अभ्यास झालेला असला पाहिजे.

तुझ्या प्रवासाचे तीन तुकडे आहेत: वारज्याहून वनाजपर्यंत स्कूटर, मग मेट्रो, मग रामवाडीहून कंपनीची बस. स्कूटरवर कानात काहीही घालायचं नाही, हे आधीच सांगते. बस कधी येईल, कधी अडकेल, भरवसा नाही. भरवशाची एकच जागा आहे, मेट्रो. दोन्ही टोकांना गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे तुला बहुतेक वेळा बसायलाही मिळतं. सकाळी बारा मिनिटं, संध्याकाळी आठ. बस्स.

सकाळी, वनाजला दार बंद झालं की. पहिली आठ मिनिटं जुन्या पत्त्यांची, पुढची चार नव्या पाच शब्दांची. सिव्हिल कोर्टला माणसांची चढउतार सुरू होते, त्याच्या आत सगळं पर्समध्ये गेलं पाहिजे. पुढे खुशाल खिडकीबाहेर बघ.

पत्ते म्हणजे काय ते नीट सांगते, कारण सगळी मदार त्यांच्यावरच आहे. अप्पा बळवंत चौकातून जाड कोरे कागद आण, व्हिजिटिंग कार्डाएवढे काप, कोपऱ्याला भोक पाड आणि लोखंडी कडीत ओव. उभं राहावं लागलं तरी एका हाताने पलटता येतात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जपानी. पण नुसता सुटा शब्द लिहू नकोस, छोटं वाक्य लिही. ‘मी ट्रेनमध्ये चढते’ याच्या मागे ‘देन्शा नि नोरिमासु’. ‘मी ट्रेनमधून उतरते’ याच्या मागे ‘देन्शा ओ ओरिमासु’. चढताना ‘नि’, उतरताना ‘ओ’. हा फरक नियम म्हणून पाठ करायला गेलीस तर परीक्षेच्या हॉलमध्ये हमखास गोंधळशील. रोज वनाजला चढताना एक आणि रामवाडीला उतरताना दुसरं मनात म्हणालीस तर आठवड्याभरात तोंडात बसेल. आपल्याला एक मोठा फायदा आहे: मराठीसारखंच जपानीतही क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नामानंतर लागतो. वाक्याची बांधणी तुला परकी नाही, फक्त कुठे कोणता प्रत्यय ते पक्कं करायचं आहे.

मराठी बाजू बघायची, जपानी ओठांतल्या ओठांत म्हणायची आणि मगच पत्ता उलटायचा. आठवेना तर पाच सेकंद थांब, लगेच उलटू नकोस. आठवायला जो जोर लागतो, त्यानेच शब्द पक्का होतो. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हे तपासलं होतं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने बाजी मारली ती न बघता आठवून काढणाऱ्यांनी. शब्दांच्या यादीवरून नुसती नजर फिरवली की ‘येतंय मला’ असं वाटतं. त्या वाटण्यावर विसंबू नकोस.

कड्या तीन कर. लाल कडी रोजची, पिवळी मंगळवार-शुक्रवारची, हिरवी शनिवारची. नवा शब्द लाल कडीत जातो. सलग तीन दिवस बरोबर आला की पिवळीत, तिथे दोनदा बरोबर आला की हिरवीत. चुकला की कुठूनही थेट लाल कडीत परत. जर्मनीच्या सेबास्टियान लाइटनरने १९७० च्या दशकात कप्प्यांच्या खोक्याची युक्ती लोकांपुढे आणली, तिचंच हे पर्समध्ये मावणारं रूप. लाल कडी इतकी जाड झाली की आठ मिनिटांत संपेना, तर नवे शब्द थांबव आणि आधी ती हलकी कर.

संध्याकाळी, रामवाडीहून आठ मिनिटं. दिवसभर तू आकड्यांकडे बघत असतेस, तेव्हा डोळे मिटून घे आणि कान उघडे ठेव. मी पाठवलेल्या संवादांपैकी एकच घ्यायचा आणि तोच सोमवार ते शुक्रवार ऐकायचा. सोमवारी फक्त कोण बोलतंय आणि कशाबद्दल, एवढंच पकड. मंगळवारी वेळा आणि किमती. बुधवारपासून एकेक वाक्य थांबवून मनात पुन्हा म्हण. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. एका स्वराच्या लांबीवर मला आजी करून ठेवशील! ही लांबी नुसती कागदावर वाचून भागत नाही, कानालाच लावून घ्यावी लागते.

ऐकणं टाळू नकोस, कारण एन-५ ला एकूण १८० पैकी ८० गुण मिळाले म्हणजे पास, असं नाही. भाषा आणि वाचन मिळून १२० पैकी ३८ आणि ऐकण्याच्या ६० पैकी १९ मिळालेच पाहिजेत. ऐकण्यात १८ आले तर बाकी कितीही चांगलं असो, नापास. शिवाय परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते.

शनिवारी मेट्रो नाही, तेव्हा सकाळच्या चहाबरोबर घरीच वीस मिनिटं: दहा हिरव्या कडीची, दहा कांजीची, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांची. परीक्षेत कांजी हाताने लिहायची नसते, पर्याय निवडायचा असतो. म्हणून पानंच्या पानं गिरवत बसू नकोस. दोनदा लिही, म्हणजे आकार कळेल, मग वाक्यात वाच. रविवारी वीस मिनिटं व्याकरणाच्या वहीतले या आठवड्याचे चुकलेले प्रश्न सोडव, बाकी काही नको.

आता हिशोब. एन-५ साठी आठशेच्या आसपास शब्द लागतात असं आम्ही शिक्षक धरून चालतो. तुला अडीचशे येतात. जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, गणपती आणि दिवाळीचे दोन आठवडे वगळून, बावीस आठवडे धर. आठवड्याला पंचवीस, म्हणजे साडेपाचशे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत नेमकं बसतं. त्या दोन सुट्टीच्या आठवड्यांत नवे शब्द नाहीत, पण लाल कडी चालूच. नोव्हेंबरात रविवारची वीस मिनिटं जेएलपीटीच्या संकेतस्थळावरच्या नमुना प्रश्नांना दे, घड्याळ लावून.

महिनाअखेरीला ऑफिसात उशीर होईल, कधी ओम आजारी पडेल, कधी सहकाऱ्याच्या गाडीतून गप्पा मारत यावं लागेल. अशा दिवशी लाल कडीतले दहा पत्ते, पाच मिनिटं, आणि दिवस झाला असं समज. तेही जमलं नाही तर सोडून दे. पण दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं करायची नाहीत. भरपाईचा अभ्यास दोन दिवस टिकतो आणि मग सगळाच बारगळतो. माझे कितीतरी चांगले विद्यार्थी असेच गळाले, ते मला अजून लागतं. आणि एखाद्या दिवशी उत्साह आला तरी वीसच. उरलेल्या उत्साहात एखादं जपानी गाणं ऐक, अभ्यास वाढवू नकोस.

सोमवारपासून सुरू कर. पहिल्या पंचवीस शब्दांची यादी आणि पहिला संवाद आज रात्री पाठवते. शनिवारी चारनंतर तिन्ही कड्या घेऊन ये. लाल कडीत कोणते शब्द पुन्हा पुन्हा परत येतात ते मला बघायचंय, त्यावरून पुढच्या आठवड्याची वाक्यं ठरवू. ओमलाही आण, थालीपीठं लावते.

तुझी,
शुभामावशी