कर्जतला गाडी वड्यासाठी थांबत नाही

भाग १४ · ४७ मिनिटं

लहानपणी पुण्याला जाताना कर्जत आलं की आमच्या डब्यात एकच गडबड. वडा घे, चटणी मागून घे, सुट्टे काढ. मला वाटायचं, गाडी त्यासाठीच थांबते. खरं कारण तेव्हा गाडीच्या पार शेवटी जोडलं जात असायचं, आणि त्यात माझे मामा बसलेले असायचे.

या भागात मामा बोलतात. घाटातली बरीच वर्षं त्यांनी बँकरवर काढली. बँकर म्हणजे चढावर गाडीला मागून रेटणारं इंजिन. पुढूनच का नाही ओढत, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सगळा भार पुढच्या कपलिंगवर टाकतोस? तुटलं तर डबे मागे कुठवर जातील?" त्यानंतर मी जरा वेळ गप्प आहे. ती शांतता एडिट केलेली नाही.

(आधी इथे 'भोर घाटातील रेल्वेच्या वाटचालीचा मागोवा' असं काहीतरी लिहिलं होतं. आईने वाचलं आणि विचारलं, "हे कुठल्या खात्याचं पत्रक?" म्हणून नव्याने लिहिलं.)

कुठे काय ऐकाल:

०२:१० वड्याचा विषय. लांबलाय, पण कापवला नाही.

०९:३५ १:३७ चा चढ. सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. जिन्यापुढे काहीच नाही, पण लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक आहे, हे लक्षात ठेवा.

१८:२० कॅच सायडिंग. हा भाग हेडफोन लावून ऐका. उतरताना गाडी आवरली नाही, तर तिला मुख्य रुळावरून बाजूला काढून चढावर चढवणारा हा रूळ. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, मग पुढची वाट मिळते. मामा हे इतक्या सहज सांगतात की मलाच घाम फुटला.

३०:०५ खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन. वळायला जागाच नव्हती, म्हणून गाडी कड्यावर थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने निघायची. १९२९ पर्यंत हे चालू होतं.

३६:५० ॲलिस ट्रेडवेल. नवरा सॉलोमन घाटाचं कंत्राट घेऊन आला आणि १८५९ मध्ये वारला. बाईंनी काम पुढे चालवलं. खरं तर यांच्यावर वेगळा भाग करायला हवा, इथे चारच मिनिटं दिली, ही माझी चूक.

आणखी एक चूक: ३८व्या मिनिटाला मी घाटाची लाइन १८६८ ला सुरू झाली म्हणालोय. ते साल १८६३ आहे, २१ एप्रिल. मामांनी तिथेच हात वर केला होता, मी दुर्लक्ष केलं.

२२व्या मिनिटाला ऐकू येते ती इंजिनाची शिट्टी नाही. मामींचा कुकर आहे.

मामांना काही विचारायचं असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. लिहून पाठवलंत तर ते आधी चष्मा शोधत बसतात.